पहिल्या n घनांची बेरीज आणि इंडक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला मी घरीच अकरावीचं गणित शिकवते. इंडक्शनचा धडा सुरू झाला की पोरांचे, आणि कधी कधी त्यांच्या आईबाबांचे पण, वहीचे फोटो यायला लागतात आणि त्यातले निम्मे या एकाच गणिताचे असतात. तेच तेच परत टाइप करण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहिलंय. प्रश्न ज्यांनी विचारले त्यांच्याच शब्दात ठेवलेत.

१. मॅडम, मुळात सूत्र काय आहे? आणि "वर्गबहुपदीचा पूर्ण वर्ग" म्हणजे नक्की काय?

सूत्र हे:

1³ + 2³ + 3³ + … + n³ = ( n(n+1)/2 )²

आधी हाताने करून बघा. 1, मग 1 + 8 = 9, मग 9 + 27 = 36, मग 36 + 64 = 100, मग 100 + 125 = 225. सगळे पूर्ण वर्ग आले आणि त्यांची वर्गमुळं आहेत 1, 3, 6, 10, 15. या त्रिकोणी संख्या, म्हणजे 1, 1+2, 1+2+3, अशा. दहावीत अंकगणिती श्रेढीत पहिल्या n संख्यांची बेरीज n(n+1)/2 शिकलात ना, तीच ही. तर सूत्राचं साध्या भाषेत म्हणणं एवढंच की घनांची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग.

n(n+1)/2 उघडून लिहिलं तर (n² + n)/2 होतं, n ची सगळ्यात मोठी घात 2, म्हणून ती वर्गबहुपदी. तिचा वर्ग केला की घात 4 होते. खाली 2 आहे म्हणून अपूर्णांक येईल का असं बरेच जण विचारतात, तर नाही येणार, कारण n आणि n+1 या लागोपाठच्या संख्या आहेत आणि त्यातली एक सम असतेच. इथून पुढे n(n+1)/2 ला मी T(n) म्हणणार आहे.

२. मी 1 ते 10 पर्यंत सगळं चेक केलं, बरोबर आलं. मग प्रूफ कशाला पाहिजे?

कारण पहिल्या काही संख्यांना बरोबर येणारं चुकीचं सूत्र बनवणं फार सोपं आहे. हे बघा:

T(n)² + (n−1)(n−2)(n−3)(n−4)

यात n = 1, 2, 3, 4 घाला, उत्तरं 1, 9, 36, 100 अशीच येतील कारण दर वेळी एक कंस शून्य होतो. n = 5 ला मात्र 225 च्या जागी 249 येतं. मी अजून सहा कंस जोडले असते तर तुमचं 10 पर्यंतचं चेकिंग पण आरामात पास झालं असतं आणि 11 ला फसलं असतं.

तरी चेकिंग सोडू नका, सूत्र आठवत नसेल तर 36 आणि 100 वरून ते परत उभं करता येतं. फक्त त्याला प्रूफ म्हणू नका.

३. इंडक्शनमध्ये "k साठी खरं आहे असं समजा" म्हणतो. जे सिद्ध करायचंय तेच आधी धरून टाकलं, ही चीटिंग नाही का?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला तो आवडतो, कारण ज्याला हा पडतो तो खरंच विचार करत असतो.

ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल डोळ्यासमोर आणा. मी जर म्हटलं की "गाडी ऐरोलीला आली तर पुढे रबाळ्याला पोचणारच", तर गाडी ऐरोलीला आली आहे असं मी कुठे म्हटलं? मी फक्त एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनची हमी दिली. इंडक्शनची दुसरी पायरी तेवढीच हमी आहे, k ला खरं असेल तर k+1 ला खरं असेल. k ला खरं आहे की नाही हे त्या पायरीत माहीतच नसतं. गाडी ठाण्याहून सुटली हे वेगळं दाखवावं लागतं, ते n = 1 चं काम. दोन्ही झालं की 1 वरून 2, 2 वरून 3, अशी ती जातच राहते. फरक एवढाच की आपल्या गाडीला शेवटचं स्टेशन नाही.

एक शब्द मात्र जपा. "समजा सगळ्या k साठी खरं आहे" असं लिहिलंत तर ती खरंच चीटिंग होते, कारण मग सिद्ध करायला काही उरतच नाही. "समजा एखाद्या k साठी खरं आहे" असं पाहिजे.

४. पूर्ण प्रूफ एकदा लिहून दाखवा ना, पेपरात लिहितात तसं.

P(n) म्हणजे हे विधान: 1³ + 2³ + … + n³ = n²(n+1)²/4.

n = 1 ला डावी बाजू 1³ = 1 आणि उजवी बाजू 1²·2²/4 = 1. दोन्ही सारख्या, म्हणून P(1) खरं.

आता समजा एखाद्या नैसर्गिक संख्या k साठी P(k) खरं आहे, म्हणजे

1³ + 2³ + … + k³ = k²(k+1)²/4

आपल्याला P(k+1) दाखवायचंय, म्हणजे उजवीकडे (k+1)²(k+2)²/4 यायला हवं. P(k+1) च्या डाव्या बाजूपासून सुरुवात करू:

1³ + 2³ + … + k³ + (k+1)³
= k²(k+1)²/4 + (k+1)³
= (k+1)²/4 · [ k² + 4(k+1) ]
= (k+1)²/4 · [ k² + 4k + 4 ]
= (k+1)²(k+2)²/4

हीच P(k+1) ची उजवी बाजू. P(1) खरं, आणि P(k) वरून P(k+1) मिळतं, म्हणून P(n) सगळ्या नैसर्गिक n साठी खरं.

दुसऱ्या ओळीशेजारी "P(k) वरून" असं लिहाच. गृहीत धरलेली गोष्ट अख्ख्या प्रूफमध्ये तिथे एकदाच वापरली जाते आणि वाचणाऱ्याची नजर तीच शोधत असते. अजून एक, डाव्या बाजूला नुसतं (k+1)³ लिहून पुढे जाणारी बरीच पोरं असतात, त्यांना वाटतं n च्या जागी k+1 घातलं की झालं, पण डावी बाजू ही अख्खी बेरीज आहे, (k+1)³ हे तिचं फक्त शेवटचं पद.

५. मी सगळे कंस फोडले आणि k⁴ + 6k³ + 13k² + 12k + 4 असं आलं. आता पुढे काय?

तुमचं चुकलेलं नाहीये. (वर भागिले 4 आहे ते विसरू नका फक्त.) आता (k+1)²(k+2)² पण फोडा, म्हणजे (k² + 3k + 2)² चा विस्तार करा, तोही k⁴ + 6k³ + 13k² + 12k + 4 असाच येतो, दोन्ही एकच आहेत असं लिहा आणि प्रूफ पूर्ण. हे नियमात बसतं, कारण दोन्ही बाजू तुम्ही वेगवेगळ्या सोडवून एकाच जागी आणल्यात.

पण मी स्वतः असं करू देत नाही. चौथ्या घातीची बहुपदी फोडताना एखादं पद हमखास निसटतं आणि मग ते शोधण्यात पंधरा मिनिटं जातात. दोन्ही पदांत (k+1)² दिसतोय, एकात k² बरोबर आणि दुसऱ्यात (k+1) बरोबर, तर तो आधी कॉमन काढा.

कॉमन काढताना चूक होते ती एकाच जागी होते. मागच्या आठवड्यात कळव्याच्या एका मुलीने वही पाठवली, तिसऱ्या ओळीत (k+1)²/4 बाहेर आणि कंसात k² + (k+1). म्हणजे 1/4 बाहेर काढला पण दुसऱ्या पदाला 4 ने गुणायचं राहिलं. मग कंसात k² + k + 1 उरतं, त्याचे अवयव काही केल्या पडत नाहीत आणि ती तीन पानं झगडत बसली होती. तेव्हा कंसात k² + k + 1 दिसलं की पुढे जाऊ नका, मागे जाऊन तो 4 शोधा.

६. ते k² + 4k + 4 बरोब्बर पूर्ण वर्गच कसं काय येतं? योगायोग आहे का?

अजिबात नाही, आणि या गणितात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. एक चौकटीचा कागद घ्या किंवा सरळ घरातल्या लाद्या बघा. मी हे पहिल्यांदा शिकवलं ते आमच्या सोसायटीच्या पॅसेजमध्ये खडूने आखून.

6 × 6 लाद्यांचा चौरस आखा. 6 म्हणजे 1+2+3, आणि आत 36 लाद्या, म्हणजे 1³ + 2³ + 3³. आता आपल्याला 4³ = 64 लाद्या वाढवायच्यात. चौरसाच्या उजव्या बाजूला आणि खालच्या बाजूला 4 लाद्या रुंदीची पट्टी लावा, कोपरा धरून, म्हणजे चौरस 10 × 10 चा होईल. पट्टीत लाद्या किती? उजवीकडची पट्टी 4 × 6, खालची पण 4 × 6, आणि कोपरा 4 × 4. म्हणजे 24 + 24 + 16 = 64.

आता तीच पट्टी 4 × 4 च्या चौरसांत कापा. 4 × 6 ची एक पट्टी म्हणजे एक पूर्ण चौरस आणि एक अर्धा. दुसरी पण तशीच. दोन अर्धे मिळून एक झाला, तर असे तीन, आणि कोपऱ्यातला चौथा. 4 × 4 चे चार चौरस, म्हणजे 4 × 4 × 4. घन हा जणू चार थर काढून जमिनीवर पसरला आणि तो कोपऱ्याच्या पट्टीत नेमका मावला. त्या दिवशी पॅसेजमध्ये एका मुलाने हे पायाने मोजलं, मग 3 ची पट्टी पण मोजली (तिथे अर्धे चौरस लागतच नाहीत, 3 × 3 चे तीन नीट बसतात) आणि मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, प्रूफमध्ये आपण ही पट्टीच लावतोय." अगदी तेच.

अक्षरात लिहू. आतला चौरस T(k) बाजूचा, पट्टीची रुंदी k+1. पट्टीत लाद्या:

2·(k+1)·T(k) + (k+1)²

2·T(k) म्हणजे k(k+1), म्हणून पहिलं पद k(k+1)² झालं, आणि एकूण (k+1)²·(k+1) = (k+1)³. बाजू T(k) + (k+1) = T(k+1), तर नवीन आकार परत पूर्ण चौरसच. कंसातलं k² + 4k + 4 = (k+2)² म्हणजे हाच मोठा चौरस आहे, चित्र काढून टाकल्यावर उरलेला.

ज्यांना चित्र नको त्यांच्यासाठी, T(k+1)² − T(k)² चे अवयव पाडा. वजाबाकीवाला कंस k+1 येतो आणि बेरजेवाला (k+1)², कारण लागोपाठच्या दोन त्रिकोणी संख्यांची बेरीज वर्ग असते (6 + 10 = 16 बघा). गुणाकार (k+1)³.

७. बेस केस तर एका ओळीचा असतो, 1 = 1. नाही लिहिला तर काय बिघडतं?

मार्क जातातच, पण ते सोडा. समजा कोणी म्हणालं की घनांची बेरीज T(n)² + 5 आहे. उघड खोटं आहे, 1³ काही 6 नाही. तरी दुसरी पायरी करून बघा: समजा k पर्यंतची बेरीज T(k)² + 5, त्यात (k+1)³ मिळवा, तर T(k)² + (k+1)³ + 5 = T(k+1)² + 5. पायरी पास! बीजगणितात एकही चूक नाही आणि विधान एकाही n साठी खरं नाही.

प्रश्न ३ मधली लोकल आठवा. प्रत्येक स्टेशनवरून पुढची हमी आहे, पण गाडी ठाण्याहून सुटलेलीच नाही. 5 च्या जागी कुठलीही संख्या घाला, दुसरी पायरी तिला पकडू शकत नाही, ती पकडते फक्त "1 = 1" ही एक ओळ.

n = 0 पासून सुरू केलं तर चालेल का, असंही विचारतात. चालेल, डावीकडे एकही पद नाही म्हणून 0 आणि उजवीकडे पण 0. पण पेपरात "नैसर्गिक संख्या n साठी" असं असेल तर 1 पासूनच करा.

८. मी P(k+1) लिहिलं, दोन्ही बाजू सोडवत गेलो, शेवटी 0 = 0 आलं. सरांनी मार्क कापले. का?

कारण पहिल्या ओळीत तुम्ही P(k+1) खरं आहे असं धरून निघालात. प्रश्न ३ मधली शंका इथे मात्र बरोबर लागू पडते. खोट्यावरून पण खऱ्याला पोचता येतं, −3 = 3 लिहून दोन्ही बाजूंचा वर्ग करा, 9 = 9 येईल, पण त्याने −3 = 3 होत नाही.

तुमच्या ओळी उलट्या क्रमाने पण चालत असतील तर आतलं गणित बरोबरच असतं, फक्त लिहिणं उलटं झालंय. कच्च्या पानावर तसंच करा, आणि पक्क्या पानावर प्रश्न ४ सारखं डाव्या बाजूपासून एकेक "=" लावत उजव्या बाजूला या.

९. 11³ + 12³ + … + 20³ काढायचं असेल तर?

20 पर्यंतची बेरीज घ्या, त्यातून 10 पर्यंतची वजा करा. T(20) = 210 आणि T(10) = 55, म्हणून

210² − 55² = 44100 − 3025 = 41075

चुका दोन होतात. एक म्हणजे T(11) वजा करणं, मग 11³ पण गेला, जो आपल्याला हवा होता. दुसरी म्हणजे (210 − 55)² करणं, त्याने 24025 येतं. ही दुसरी पकडायला सोपी आहे. नुसते 18³, 19³ आणि 20³ घेतले तरी 5832 + 6859 + 8000 = 20691 होतात, उरलेल्या सात पदांना फक्त 3334 राहतात, आणि 17³ एकटाच 4913 आहे.

आणि हो, मधूनच सुरू केलेली बेरीज पूर्ण वर्ग असेलच असं नाही, 41075 नाहीये. कधी कधी असते, जसं 23³ + 24³ + 25³ = 41616 = 204².

१०. मग वर्गांची बेरीज, विषम संख्यांच्या घनांची बेरीज, हे पण पूर्ण वर्ग येतात का?

या सगळ्यांत नेहमी येणं हे फक्त 1 पासून सलग घनांचं वैशिष्ट्य आहे. वर्गांची बेरीज 1, 5, 14, 30 अशी जाते. 1 सोडला तर ती एकदाच पूर्ण वर्ग होते, 1² + 2² + … + 24² = 70² ला. यापुढे कधीच नाही हे 1918 मध्ये वॉटसनने सिद्ध केलं आणि ते प्रूफ अकरावीच्या आवाक्यातलं नाही.

सम संख्यांचे घन घेतले तर प्रत्येकातून 8 बाहेर येतो, बेरीज 8·T(n)², आणि 8 पूर्ण वर्ग नसल्यामुळे ती कधीच पूर्ण वर्ग होत नाही. विषम घनांचं सूत्र n²(2n² − 1). 1, 28, 153, 496 असं जातं, पण पाचवी बेरीज 1225 = 35² येते. म्हणून दोनचार उत्तरं बघून "होतं" किंवा "होत नाही" ठरवू नका, प्रश्न २ मध्ये तेच सांगितलंय.

११. हे पहिल्यांदा कोणी शोधलं?

आपल्याकडे आर्यभटांच्या आर्यभटीयात, साधारण 499 साली, गणितपादाच्या 22 व्या श्लोकात हे आहे: "चितिवर्गो घनचितिघनश्च". चिति म्हणजे रचलेला ढीग, इथे 1 + 2 + … + n, आणि तिचा वर्ग म्हणजे घनांच्या ढिगाची बेरीज. अख्खं सूत्र तीन शब्दांत. त्याच्याही आधी, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटी, निकोमॅकसने दाखवलं होतं की 1, मग 3 + 5, मग 7 + 9 + 11 असे विषम संख्यांचे गट केले की प्रत्येक गट एकेक घन होतो. आणि इसवी सन 1000 च्या आसपास अल-करजीने 1 ते 10 च्या घनांसाठी प्रश्न ६ मधल्यासारखीच पट्टीची युक्ती वापरली, 10 च्या चौरसावरून 9 च्या, तिथून 8 च्या, असं मागे येत. इंडक्शन हे नाव तेव्हा नव्हतं, पण पायरी तीच.

१२. 1, 2, 3… सोडून दुसऱ्या संख्या आहेत का ज्यांच्या घनांची बेरीज = बेरजेचा वर्ग?

हा प्रश्न ऐरोलीच्या एका मुलाने रात्री अकरा वाजता पाठवला आणि मी पण मग जागी राहिले. उत्तर तुम्ही नक्की काय मागताय त्यावर आहे.

समजा धन संख्यांची यादी पाहिजे आणि अट अशी की यादी कुठेही थांबवली तरी ती पाळली गेली पाहिजे. मग दुसरी यादी नाहीच. पहिल्या संख्येला a³ = a², म्हणजे a = 1. पुढे इंडक्शन: समजा पहिल्या k संख्या 1, 2, …, k अशाच निघाल्या आणि पुढची संख्या a आहे. बेरीज T(k) ची T(k) + a झाली, तर

a³ = (T(k) + a)² − T(k)² = a² + 2a·T(k)

a ने भागा, a² − a − k(k+1) = 0, म्हणजे (a − k − 1)(a + k) = 0. धन उत्तर एकच, a = k + 1. ऋण चालत असतील तर −k पण चालतो: 1, 2, −2 घ्या, घनांची बेरीज 1 + 8 − 8 = 1 आणि बेरजेचा वर्ग पण 1.

आणि अट फक्त शेवटी एकदाच पाळायची असेल तर भरपूर याद्या सापडतात. 6 चे विभाजक 1, 2, 3, 6. प्रत्येकाला स्वतःचे विभाजक किती ते लिहा: 1, 2, 2, 4. बेरीज 9, वर्ग 81. घन 1 + 8 + 8 + 64 = 81. मधे 1, 2, 2 वर थांबलात तर 17 आणि 25, जमत नाही, पण पूर्ण यादीला जमतं, आणि हे 6 लाच नाही तर कुठल्याही संख्येच्या विभाजकांना जमतं. मूळ संख्येच्या घाताला, म्हणजे 8 सारख्याला, प्रत्येक विभाजकाला स्वतःचे विभाजक किती ही यादी 1, 2, 3, 4 अशी येते, तिथे हे आपलं प्रश्न १ चंच सूत्र आहे. 12 घेऊन स्वतः करून बघा, दोन्ही बाजूंना 324 यायला हवं.